लांछन

आमच्या बिदर-कलबुर्गी भागात पाटील हे आडनाव सांगून माणसाविषयी काहीच कळत नाही. पाटील ही गावची वतनदारी. ती ज्याच्याकडे असेल तो पाटील. त्यामुळे लिंगायत पाटील, मराठा पाटील, जैन पाटील, मुसलमान पाटील सगळेच आहेत. त्यात आमच्या पिढीच्या मुलींना नावंही मोजकीच मिळाली. महानंदा, शकुंतला, सुनंदा, पद्मा, फार तर शोभा. म्हणून भालकीकडच्या आमच्या मराठी शाळेत आठवीच्या वर्गात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन मुली आल्या, तेव्हा कोणाला विशेष वाटलं नाही. त्यांची खरी नावं सांगत नाही, दोघी आज नातवंडांत रमल्या आहेत. आपण त्यांना पद्मा पाटील म्हणू. हे नाव बसतंही चांगलं, कारण जैनांच्या घरात ते पार्श्वनाथांच्या पद्मावतीवरून येतं आणि शेजारच्या लिंगायत घरात लक्ष्मीवरून. नाव एकच, देव्हारे दोन.

दोघींना वेगळं कसं करायचं, हा प्रश्न पहिल्यांदा हजेरीला आला. हजेरीच्या वहीत उत्तर सोपं होतं. मराठी रीतीनं मध्ये वडिलांचं नाव लिहिलं की झालं. पण वहीतलं उत्तर वर्गात चाललं नाही. आमच्याकडे पोरंपोरं भांडली की एकमेकांच्या बापाचं नाव घेऊन चिडवतात. नुसतं नाव घ्यायचं, शिवी नाही काही नाही, तरी समोरचा मारायला धावतो. सरांनी वडिलांच्या नावासकट पुकारा केला की मागच्या बाकांवरून तेच नाव दिवसभर कुजबुजत फिरायचं. तिसऱ्या दिवशी दोघी हजेरीला "हजर" म्हणेनात. नुसता हात वर करायला लागल्या.

मग कन्नडच्या सरांनी "दोड्ड पद्मा" आणि "सण्ण पद्मा" सुरू केलं, म्हणजे मोठी नि लहान. वयाचा फरक असेल चार-पाच महिन्यांचा. पण एक उंच होती आणि दुसरी चांगलीच ठेंगणी. वर्गानं वय बाजूला ठेवलं आणि उंची धरली. आठवड्याभरात दख्खनीतलं "बडी-छोटी" झालं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सण्ण पद्माची "बुटकी" झाली. उंच पद्माची मात्र "लंबू" झाली नाही. तिला सगळे नुसतं पद्माच म्हणायला लागले. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. भांडण दोन नावांचं होतं, पण खूण एकीलाच चिकटली. नाव एकीच्या मालकीचं झालं आणि दुसरी त्या नावाची भाडेकरू ठरली.

तिसरी खूण गावानं दिली, "बस्तीगल्लीतली". बस्ती म्हणजे जैन मंदिर. वरवर पाहिलं तर हा नुसता पत्ता आहे, त्यात वाईट काय? पण ज्याला गाव माहीत आहे त्याला हेही माहीत असतं की आमच्या गावांतल्या गल्ल्या जातींवर पडलेल्या आहेत. बस्तीगल्ली म्हटलं की जैन, मठगल्ली म्हटलं की लिंगायत. वेशीपलीकडचं म्हटलं की काय, ते मी लिहायची गरज नाही. एखाद्या मुलीची ओळख तिच्या गल्लीवरून करणं माझ्या बाबतीत निरुपद्रवी ठरलं असतं, कारण बस्तीजवळ राहणं आमच्याकडे कमीपणाचं नाही. पण तीच पद्धत वर्गातल्या सगळ्यांना लावून पाहा, म्हणजे ती कुठे जाऊन टोचते ते कळेल. खूण चांगली की वाईट हे जिला ती सोपी जाते तिच्यावरून ठरवू नये. जिला जड जाते तिच्यावरून ठरवावं.

इथे कोणी म्हणेल, अहो, पण ती ठेंगणी होतीच ना? खोटं तर कोणी बोललं नाही. हे उत्तर मी लग्नघरांत, भिशीत, महिला मंडळात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा जरा नीट विचार करावा असं वाटतं. "काळीला काळी म्हटलं तर काय झालं" हे त्याचंच भावंड. श्वेतांबर परंपरेत दशवैकालिक नावाचं सूत्र आहे, साधूंनी कसं वागावं, कसं बोलावं याचं. त्यातल्या सातव्या अध्ययनात बोलण्याचे नियम येतात. तिथे साधूला सांगितलं आहे की काण्याला काणा म्हणू नये, रोग्याला रोगी म्हणू नये, चोराला चोरसुद्धा म्हणू नये. आम्ही दिगंबर, हे सूत्र आमच्या पाठात नाही. पण ते वाचलं तेव्हा मी थांबले. कारण तिथे खोट्याला मनाई केलेली नाही, ती पुढची गोष्ट. इथे मनाई खऱ्यालाच आहे. काणा खरोखरच काणा आहे. तरीही त्या शब्दानं त्याला हाक मारायची नाही, कारण त्या हाकेत त्या माणसाचं बाकी सगळं पुसलं जातं आणि एक डोळा उरतो. सत्य हे व्रत आहे खरं, पण आमच्याकडे ते अहिंसेच्या मागून येतं. आधी नाही.

पण मग अडचण उभी राहते. अंगावरचं काही बोलायचं नाही, बापाचं नाव घ्यायचं नाही, गल्ली सांगायची नाही, तर दोन पद्मांना हाक मारायची कशी? खूण तर लागणारच. खूण नसली तर एकीचे गुण दुसरीच्या वहीत जातात. आमच्या वर्गात सहामाहीला तसं झालंही होतं. गणितात पस्तीस नि एकसष्ट यांची अदलाबदल झाली आणि एकसष्टवालीच्या घरी दोन दिवस रडारड. वेगळं न करणं हाही अन्याय आहे.

उत्तर शोधताना मला एक शब्द फार उपयोगी पडला, आणि तो आमच्या घरातलाच निघाला. लांछन. मराठीत लांछन म्हणजे डाग, कलंक. "कुळाला लांछन लावलंस" असं म्हणतात. पण जैन मंदिरात लांछन म्हणजे तीर्थंकराच्या मूर्तीची खूण. शब्द एकच. एकाच शब्दात ओळख आणि अपमान शेजारीशेजारी बसले आहेत, आणि आपण विचारतो आहोत तो प्रश्न नेमका हाच की एकाचं दुसरं कधी होतं.

ज्यांनी जैन मंदिर आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तीर्थंकर चोवीस, पण मूर्तीत सगळे सारखे. एकतर पद्मासनात बसलेले किंवा कायोत्सर्गात उभे. तोच चेहरा, तीच अर्धी मिटलेली नजर, अंगावर वस्त्र नाही, दागिना नाही, हातात शस्त्र नाही. विष्णूला शंखचक्रावरून ओळखतात, शंकराला त्रिशूळावरून, तशी सोय इथे नाही. कारण ज्यानं सगळे भेद टाकले त्याच्या देहावर भेद दाखवायचा कसा? फार जुन्या मूर्तींत तर दोघेच ओळखू येतात. खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर ऋषभनाथ, डोक्यावर नागाची फणा असेल तर पार्श्वनाथ. बाकीचे कोण ते खालचा लेख वाचल्याशिवाय सांगता येत नाही. पुढे कारागिरांनी आसनाच्या पट्टीवर, बरोबर मध्यभागी, एक लहानशी आकृती कोरायला सुरुवात केली. बैल असेल तर आदिनाथ, हरीण असेल तर शांतिनाथ, सिंह असेल तर महावीर. हेच लांछन. लहानपणी आई बोट धरून मंदिरात न्यायची तेव्हा मी आधी खाली वाकायची, लांछन पाहायची आणि मग वर बघून नमस्कार करायची.

एकविसावे तीर्थंकर नमिनाथ आणि बाविसावे नेमिनाथ. नावात एका मात्रेचा फरक, शेजारीशेजारी क्रमांक, मूर्ती तंतोतंत सारखी. घाईत म्हणताना कोणाचं नाव घेतलं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. इथे लांछनच कामाला येतं. नमिनाथांचं नीलकमळ, नेमिनाथांचा शंख.

आता लांछनांची यादी जरा वेगळ्या नजरेनं बघा. वासुपूज्यांचं लांछन रेडा आहे. विमलनाथांचं वराह. पुष्पदंतांचं मगर, अभिनंदननाथांचं माकड. गावात कोणाला रेडा किंवा माकड म्हणा बरं! डोकी फुटतील. आणि इथे तेच प्राणी तीर्थंकरांच्या आसनावर आहेत आणि शेकडो वर्षांत कोणाला त्यात अपमान दिसला नाही. असं का? मी याचा बराच विचार केला आहे आणि मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, लांछन चोवीसही जणांना आहे. एकाला आहे आणि दुसरा बिनखुणेचा "खरा" तीर्थंकर आहे, असं नाही. दुसरी, ते आसनावर आहे, देहावर नाही. रेड्याचा काळेपणा किंवा वराहाचा सुळा मूर्तीच्या चेहऱ्यावर आलेला नाही. तिसरी, त्या खुणेनं कोणी हाक मारत नाही. भक्त "वासुपूज्य भगवान" म्हणतो, "रेडेवाले भगवान" म्हणत नाही. खूण बघायची, ओळख पटवायची आणि मग नावानंच बोलावायचं.

आमच्या वर्गातल्या "बुटकी"त हे तिन्ही उलटे होते. ती एकीलाच होती, अंगावरची होती, आणि हाकच ती झाली होती.

वर्गाचा प्रश्न शेवटी मुलींनीच सोडवला, सरांनी नाही. उंच पद्मा खो-खो खेळायची. ठेंगणी पद्मा रांगोळी फार सुरेख काढायची. शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांना फाटकापाशी तिचीच रांगोळी असायची. कधीतरी "खो-खोची पद्मा" आणि "रांगोळीची पद्मा" असं सुरू झालं. कोणी सुरू केलं ते कोणालाच आठवत नाही. दोघींना खूण मिळाली, दोघींची खूण त्यांच्या हातापायांनी कमावलेली होती. आणि एक गंमत मी तेव्हा पाहिली. संध्याकाळी कोणाच्या दारात जाऊन कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण ते?" बाहेरून उत्तर, "मी पद्मा." मग आतून, "कुठली पद्मा?" रांगोळीची पद्मा लगेच सांगायची, "रांगोळीची." हे उत्तर ती "बुटकी" म्हणून कधीच देऊ शकली नसती. तेव्हा ती गप्प उभी राहायची आणि आतल्या माणसाला दार उघडून बघावं लागायचं. खूण बरी की वाईट हे ओळखायला मला आजवर याहून सोपी परीक्षा सापडलेली नाही. बंद दाराबाहेर उभं राहून जिला ती स्वतःच्या तोंडानं सांगता येते, ती खूण चालते. दुसरी परीक्षा जरा कडक आहे. तिची आई समोर बसली असताना ती खूण तुम्हाला उच्चारता येते का?

पण कामाच्या खुणेलाही मर्यादा आहेतच. दहावीच्या वर्षी खो-खोच्या पद्माचा गुडघा दुखावला आणि खेळ कायमचा सुटला. खूण मात्र सुटली नाही. पुढे कितीतरी वर्षं बाजारात, लग्नात कोणी "अगं, खो-खोची पद्मा ना तू?" म्हटलं की ती हसायची, पण हात आपोआप गुडघ्यावर जायचा. जी खूण एकेकाळी शाबासकी होती तीच हरवलेल्या गोष्टीची आठवण झाली. दगडाची मूर्ती वाढत नाही, म्हणून तिचं लांछन कायमचं चालतं. माणसाची खूण मधूनमधून तपासून बघावी लागते. जुनी झाली असेल तर काढून ठेवावी लागते. हे काम साधारणपणे कोणी करत नाही.

एकाच नावाच्या दोघांनी एकमेकांशी कसं वागावं, याचं एक सुंदर उदाहरण आमच्याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेलं आहे. कलबुर्गी जिल्ह्यात सेडमजवळ कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. आज ते सिमेंटच्या कारखान्यांमुळे माहीत असतं, पण नवव्या शतकात ती राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होती. तिथला राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानत असे ते आचार्य जिनसेन, आदिपुराणाचे कर्ते. त्यांचे गुरू वीरसेन यांनी जयधवला ही मोठी टीका लिहायला घेतली होती. ती अपुरी राहिली, तेव्हा जिनसेनांनी ती शके ७५९ म्हणजे इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केली. आणि त्याच काळात आणखी एक आचार्य जिनसेन होते, हरिवंशपुराणाचे कर्ते. त्यांचं पुराण शके ७०५ म्हणजे इ. स. ७८३ मध्ये पूर्ण झालं. दोघे दिगंबर, दोघे पुराणकार, दोघांची पुराणं संस्कृतात. नाव एकच असल्यानं वाचणाऱ्याची गल्लत व्हायला आणखी काय पाहिजे? आजही पुष्कळांची होते.

त्यांना वेगळं कसं ओळखायचं? गुरूवरून. मळखेडच्या जिनसेनांचे गुरू वीरसेन, हरिवंशकारांचे कीर्तिषेण. आणि संघावरून. हरिवंशकार पुन्नाट संघाचे. पुन्नाट हे दक्षिण कर्नाटकातल्या एका प्रदेशाचं जुनं नाव, तिथून निघालेला साधूंचा संघ. म्हणून अभ्यासक त्यांना पुन्नाटसंघीय जिनसेन म्हणतात. गावाची खूण, गुरूची खूण, ग्रंथाची खूण. या खुणांत कोणी "थोरले" नाही, कोणी "दुसरे" नाही.

पण मला खरं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हरिवंशपुराणाच्या सुरुवातीला आधीच्या आणि समकालीन आचार्यांना वंदन आहे. त्यात हे हरिवंशकार जिनसेन दुसऱ्या जिनसेनांचंही नाव घेतात. दुसऱ्यांनी तेव्हा आदिपुराण लिहिलेलं नव्हतं, जयधवला पूर्ण व्हायला अजून पन्नासहून अधिक वर्षं होती. म्हणजे ते तेव्हा तरुणच असणार. पण त्यांचं पार्श्वाभ्युदय हे काव्य गाजलेलं होतं. मेघदूताच्या ओळी आपल्या श्लोकांत गुंफत त्यांनी पार्श्वनाथांची कथा सांगितली होती. हरिवंशकार त्यांना "स्वामी" म्हणतात आणि सांगतात की त्या काव्यातली पार्श्वजिनांची स्तुतीच त्यांची कीर्ती गाते आहे. आपल्याच नावाचा माणूस, आपल्याच क्षेत्रात, बहुधा आपल्याहून लहान. त्याच्याविषयी बोलताना त्यांनी त्याच्या उत्तम कामाची खूण निवडली आणि तिच्यापुढे आदराचा शब्द ठेवला. वर्गातल्या दोन पद्मांच्या बाबतीत आम्हा चाळीस पोरींना जे जमायला सहा महिने लागले, ते त्यांनी एका श्लोकात केलं.

याच्या उलट टोक पाहायचं असेल तर बिदर शहराबाहेर अष्टूरला जावं. तिथे बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. त्यात अहमदशाह दोन. पहिला अहमदशाह, ज्यानं गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली, त्याला लोक "वली" म्हणतात, म्हणजे संत. त्याच्या उरुसाला आजही सगळ्या जातींची माणसं जातात. त्याचा मुलगा अलाउद्दीन अहमदशाह. त्याला अशी काही खूण नाही, तो नुसता दुसरा. आणि रांगेतला पुढचा हुमायूनशाह, १४५८ ते १४६१ अशी जेमतेम तीन वर्षं राज्य केलेला. त्याची खूण "जालिम". त्याच्या कबरीचा घुमट वीज पडून फुटला आणि आता अर्धाच उभा आहे. त्यामुळे गाइड लोकांची गोष्ट आयतीच तयार असते: बघा, जालिम होता म्हणून वीजसुद्धा त्याच्यावरच पडली. त्याच्या क्रौर्याच्या कथा नंतरच्या इतिहासकारांनी बऱ्याच फुगवल्या, असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असो नसो, जालिम हा शब्द आता त्याच्या नावाचा भाग झाला आहे. दारावर येऊन "मी हुमायून" म्हणायला आणि "कुठला?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो नाही. आपणा मराठी माणसांनी दोन बाजीरावांचं हेच केलं. एक "थोरले" आणि दुसरा "पळपुटा". इतिहासात निवाडा करायला माझी हरकत नाही, पण निवाडा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "दुसरा बाजीराव" म्हटल्यानं ओळख पूर्ण होते. "पळपुटा" म्हणताना आपण ओळखीच्या नावाखाली निकाल सुनावत असतो, तोही प्रत्येक वेळी, पुरावे न वाचता.

कायद्याला हा फरक कळलेला आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. निवडणुकीच्या १९६१ च्या नियमांत एक तरतूद आहे. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर त्यांचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य रीतीनं त्यांना वेगळं दाखवावं. व्यवसाय आणि गाव. रंग नाही, उंची नाही, जातही लिहिलेली नाही. पण कायदाही एका गोष्टीपुढे हात टेकतो, ती म्हणजे मुद्दाम केलेलं सारखेपण. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. ती सगळी मतं चुकून पडली असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण आकडे बोलके आहेत. मतपत्रिकेवर चिन्ह होतंच, लांछनासारखं, नावाच्या शेजारी. पुढच्या वर्षापासून उमेदवारांचे फोटोही छापायचं ठरलं. खुणेचा एक उपयोग माणसाला न दुखावता ओळखणं हा आहे. दुसराही आहे, तो म्हणजे कोणी दुसऱ्याचं नाव पांघरून येऊ नये. वर्गातल्या पद्मांना या दुसऱ्याची गरज पडली नव्हती.

आम्हा बायकांना मात्र नावाच्या या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी ठरवून दिलेलं होतं. घरात येणाऱ्या सुनेचं नाव सासूच्या, जावेच्या किंवा नणंदेच्या नावासारखं असेल तर प्रश्नच नाही, सुनेचं बदलायचं. नसलं तरी बदलायचे, ती गोष्ट वेगळी. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे. दोघींपैकी कोणी बदलायचं याची चर्चा मी कधी ऐकली नाही. नवी आली ती बदलेल. "बुटकी"च्या वेळी जे झालं तेच हे, फक्त पेढे वाटून.

आता हे जरा अवघड झालं आहे. आमच्या नात्यातल्या कलबुर्गीच्या एका घरात चार वर्षांपूर्वी दुसरी सून आली. तिचं नाव अश्विनी आणि मोठ्या सुनेचंही अश्विनी. सासूबाईंनी रीतीप्रमाणे तांदूळ पसरायला काढले. धाकटी नम्रपणे म्हणाली, "अत्ती, माझं नाव पदवीवर आहे, बँकेत आहे, आधारवर आहे, पॅनवर आहे. एवढं सगळं कोण बदलणार?" सासूबाईंकडे याला उत्तर नव्हतं. कागदपत्रांच्या रांगा त्यांनी पेन्शनसाठी स्वतः भोगलेल्या होत्या. मग मोठी आणि लहान असं करू म्हणाल्या. तर मोठी सून बोलली. मला ती बाई तेव्हापासून फार आवडते. ती म्हणाली, "मोठी-लहान नको अत्ती, ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे आणि पगारानंही. दोघींना माहेरच्या गावावरनं हाक मारा." आमच्याकडे सुनांना माहेरच्या गावावरून ओळखायची जुनीच रीत आहे, भालकीची, औरादची, चिंचोळीची. ती रीत तिनं बरोबर आठवली. आणि मुख्य म्हणजे, स्वतःला आधी लावून घेतली. ती हुमनाबादची झाली, धाकटी आळंदची.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा दारात पार्सलवाला आला. अश्विनी पाटील कोण, म्हणाला. सासूबाई दारात. "दोघी आहेत की. कुठल्या अश्विनीचं?" तो म्हणाला, "मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा, अव्वा." सासूबाईंनी चष्मा पुसला, पाकिटाकडे पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "ए आळंद, ए हुमनाबाद, कुणी काय मागवलंय गं?" आतून दोघींनी एकदमच सांगितलं की मी नाही, आणि पार्सलवाला खुर्चीत बसून पाणी प्यायला लागला.